पीडीएफचे पांढरे समास छाटून मोबाईलवर अक्षर मोठं करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. वाचनालयाची स्मरणिका छापून झाली तेव्हा तिची पीडीएफ मी त्या गटावर टाकली. पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांनाही वाचता यावी, एवढाच हेतू होता. दुसऱ्या दिवशी निवृत्त गुरुजींचा फोन आला, "अरे, पान दिसतंय पण अक्षर दिसेना झालंय. बोटानं ओढून ओढून कंटाळा यायलाय बघ." ते पान उघडून पाहिलं तर स्क्रीनचा चौथा हिस्सा नुसता कोरा कागद होता. मी समास छाटून फाईल परत पाठवली. तेव्हापासून निपाणी, चिकोडी, बेळगावकडची मंडळी त्याबद्दल विचारत असतात. त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

समास छाटल्यावर अक्षर खरंच मोठं होतं का, की नुसतं तसं वाटतं?

खरंच मोठं होतं. मोबाईल पीडीएफ उघडतो तेव्हा पानाची पूर्ण रुंदी स्क्रीनच्या रुंदीत बसवतो. कोरा समास कुठला आणि मजकूर कुठला, हे त्याला कळत नाही. ए-फोर कागद 210 मिलिमीटर रुंद असतो, तर साडेसहा इंची मोबाईलची स्क्रीन उभी धरल्यावर साधारण 68 मिलिमीटर. म्हणजे पान तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान होतं, आणि कागदावरचं 12 पॉइंटांचं अक्षर स्क्रीनवर 4 पॉइंटांच्याही आत येतं. औषधाच्या पट्टीवरच्या मजकुरासारखं.

समास काढला की पानाची रुंदी घटते, आणि तेवढ्याच स्क्रीनवर उरलेलं पान जास्त जागा घेतं. आमच्या स्मरणिकेत तेच अक्षर 5 पॉइंटांच्या थोडं वर गेलं. पण खरं सांगायचं तर उभ्या मोबाईलवर एवढ्यानं ज्येष्ठांचं भागत नाही. छाटलेली फाईल उघडून मोबाईल आडवा धरला की गंमत कळते. आडवी स्क्रीन सुमारे 150 मिलिमीटर रुंद, त्यामुळे अक्षर 11 पॉइंटांच्या आसपास जातं, म्हणजे जवळजवळ छापील पुस्तकाएवढं. न छाटलेली फाईल आडवी धरली तर ते साडेआठच्या आसपास अडकतं. छाटणं आणि आडवं धरणं, ही दोन्ही मिळूनच काम होतं.

आपल्या फाईलला किती फायदा होईल, हे आधी कळतं का?

कळतं, आणि त्याला शाळेची पट्टी पुरते. मोबाईलवर पान पूर्ण रुंदीत उघडा. स्क्रीनवर पट्टी आडवी ठेवून ओळ कुठे सुरू होते, कुठे संपते ते मोजा. स्क्रीन 68 मिलिमीटर आणि ओळ 50 मिलिमीटर भरली, तर 68 भागिले 50, म्हणजे 1.36. अक्षर फार तर 36 टक्क्यांनी वाढेल, त्याहून जास्त नाही. कडेला थोडी जागा ठेवायची असल्यामुळे प्रत्यक्षात तीस-बत्तीस टक्के धरा.

ओळ 62-63 मिलिमीटर भरत असेल तर छाटण्याच्या भानगडीत पडू नका. फायदा दहा टक्क्यांच्याही आत राहील. तिथे मोबाईल आडवा धरणं हाच उपाय.

वरचा आणि खालचा समासही छाटायचा का?

अक्षराच्या आकाराशी त्याचा संबंध नाही. अक्षर किती मोठं दिसेल हे पानाची रुंदी ठरवते, उंची नव्हे. वर-खाली छाटल्यानं पुढच्या पानावर जाताना बोट थोडं कमी सरकवावं लागतं, एवढंच. म्हणून वर-खाली मी हात राखून छाटतो. पानाचा क्रमांक तर मुद्दाम ठेवतो, कारण गटात "पान 37 वरचा फोटो कुणाचा?" असं विचारणारे असतातच.

पण पानाचा क्रमांक कुठे आहे ते बघा. तो तळाशी मध्यभागी असेल तर काही अडचण नाही. बाहेरच्या कोपऱ्यात, ओळींच्याही पलीकडे छापलेला असेल तर सॉफ्टवेअर त्यालाही मजकूर समजतं आणि त्या बाजूचा समास तिथपर्यंतच छाटतं. मग एका आकड्यापायी पानभर कोरी पट्टी तशीच राहते.

डाव्या आणि उजव्या पानांचं वेगळं काय असतं?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. छपाईसाठी केलेल्या पीडीएफमध्ये शिलाईच्या बाजूचा समास मोठा ठेवलेला असतो. विषम पानांवर ही बाजू डावीकडे येते, सम पानांवर उजवीकडे. आमच्या स्मरणिकेत शिलाईकडे दीड इंच आणि बाहेरच्या बाजूला पाऊण इंच समास होता.

आता सगळी पानं एकाच मापानं छाटायची म्हटली, तर दोन्ही बाजूंना पाऊण इंचापेक्षा आत जाता येत नाही, कारण कुठल्या ना कुठल्या पानावर तिथून मजकूर सुरू होतो. फायदा जेमतेम 19 टक्के. विषम पानांना एक माप आणि सम पानांना दुसरं दिलं की तोच फायदा 32 टक्क्यांवर जातो. कष्ट तेवढेच, फळ दीडपटीहून जास्त.

याच्या उलट टोकही टाळा. प्रत्येक पान ज्याच्या-त्याच्या मजकुराप्रमाणे छाटलं, तर अर्धवट ओळींच्या कवितेचं पान प्रचंड मोठं दिसतं आणि पुढचं गद्य एकदम बारीक. पान उलटताना डोळ्यांना झटका बसतो. सम पानांचा एक गट, विषम पानांचा एक गट, आणि गटातली सगळी पानं एका मापाची, हेच बरोबर.

स्मरणिका नेमकी कशी छाटली? पायऱ्या सांगा.

मी कॉम्प्युटरवर pdfCropMargins नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरतो. ते चालायला आधी पायथॉन ही मोफत प्रोग्रॅमिंग भाषा कॉम्प्युटरवर लागते. विंडोजवर पायथॉन बसवताना पहिल्याच खिडकीत `Add python.exe to PATH` समोर खूण करायला विसरू नका. नाहीतर पुढची आज्ञा कॉम्प्युटर ओळखतच नाही. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून हे एकदाच टाइप करायचं:

```
pip install pdfCropMargins
```

पीडीएफ ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे जाऊन मी पहिल्यांदा ही आज्ञा दिली:

```
pdfcropmargins -e -u smaranika.pdf -o mobile.pdf
```

यातलं `-e` सम-विषम पानांचे वेगळे गट करतं. जोडीला `-u` दिलं की वरचं-खालचं माप सगळ्या पानांना सारखं राहतं आणि फरक फक्त डाव्या-उजव्या बाजूला पडतो. `-o` नंतर नव्या फाईलचं नाव.

नवी फाईल उघडली तर ती जुन्यासारखीच! मला वाटलं, काही बसवायचं राहिलं. दोन वेळा परत केलं, तरी तेच. मग लक्षात आलं की मुखपृष्ठ रंगीत आहे आणि त्याचा रंग कागदाच्या कडेपर्यंत गेलेला आहे. त्या पानाला समासच नाही. गटातलं कुठलंच पान कापलं जाऊ नये म्हणून सॉफ्टवेअर सगळ्यात कमी समास असलेलं पान धरून चालतं. विषम गटात मुखपृष्ठाचा समास शून्य, सम गटात कडेला भिडलेल्या जाहिरातींचा शून्य, म्हणून सगळ्या पुस्तकाची छाटणीही शून्य.

तेव्हा पहिलं काम म्हणजे फाईल एकदा डोळ्यांखालून घालणं आणि असली पानं टिपून ठेवणं. 96 पानांत पहिली 4 मुखपृष्ठाची आणि शुभेच्छांची होती. 41 आणि 42 वर पानभर फोटो होते. 85 पासून शेवटपर्यंत जाहिराती, त्याही पानाच्या कडेला भिडलेल्या. ही पानं सोडून आज्ञा दिली:

```
pdfcropmargins -e -u -pg 5-40,43-84 smaranika.pdf -o mobile.pdf
```

पानांचे आकडे पीडीएफच्या हिशेबानं द्यायचे, मुखपृष्ठ म्हणजे पान 1. पानावर छापलेला आकडा वेगळा असू शकतो, तिथे फसू नका. सोडलेली पानं मूळ आकारातच राहतात. फोटो आणि जाहिराती तशाच दिसल्या तरी कुणाचं काही बिघडत नाही.

या सॉफ्टवेअरची सवय अशी की काही सांगितलं नाही तर ते मूळ समासाचा दहावा हिस्सा शिल्लक ठेवतं. तो राहू द्या. अगदी अक्षराला लागून छाटलं तर ओळीचं पहिलं अक्षर मोबाईलच्या कडेला चिकटतं, आणि हातात धरताना अंगठ्याखाली तेच जातं.

माझ्याकडे कॉम्प्युटर नाही, फक्त मोबाईल आहे. मग?

मग फाईल छाटायची गरजच नाही. वाचायचं अ‍ॅपच समास लपवू शकतं. अँड्रॉइडवर KOReader हे मोफत अ‍ॅप त्यासाठी चांगलं आहे. ते एफ-ड्रॉइड या मोफत अ‍ॅपच्या दुकानात किंवा त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळतं. पीडीएफ उघडल्यावर खालच्या पट्टीतल्या मेनूत पान छाटण्याचा पर्याय आहे. त्यात आपोआप छाटणारा आणि आपण चौकट ओढून ठरवायचा, असे दोन्ही प्रकार मिळतात. मूळ फाईलला धक्का लागत नाही, पर्याय बंद केला की पान पूर्ववत.

बेळगाव ते खानापूर बसमध्ये एकट्यानं वाचायला एवढं पुरेसं आहे. गटातल्या चाळीस जणांना पाठवायचं असेल तर मात्र फाईलच छाटलेली बरी. चाळीस जणांना फोनवरून सेटिंग समजावणं कुणालाच जमणार नाही.

पहिल्या ओळीची वेलांटी कापली गेली. असं का झालं?

चौकट हातानं आखली असणार, आणि तीही एकच पान बघून. ज्या पानावर चौकट आखली त्याच्या पहिल्या ओळीत "काम", "घर", "वाट" असे शब्द असतील तर शिरोरेषेच्या वर काहीच नसतं. तुम्ही चौकटीची वरची कड शिरोरेषेला टेकवता. पुढच्या पानावर पहिलीच ओळ "कीर्ती" नि "सूर्य" घेऊन येते, आणि वेलांटी, रफार, अनुस्वार सगळं उडतं. तळाशी तीच गत उकाराची. "गुरू"चा उकार शेवटच्या ओळीत आला की तो अर्धा जातो आणि शब्द चुकीचा वाचला जातो.

आमच्या भागात स्मरणिका, लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल मराठी-कन्नड दोन्हींत असतात, त्यामुळे आणखी एक जपायचं. कन्नडमधलं जोडाक्षर खाली लोंबतं, त्याला ते ओत्तक्षर म्हणतात. आपल्या उकारापेक्षाही ते खाली जाऊ शकतं. तळाला पाव इंच तरी राखून छाटा.

वर दिलेल्या आज्ञेनं केलं तर ही भीती नसते, कारण सॉफ्टवेअर गटातल्या प्रत्येक पानाची शाई कुठपर्यंत आहे ते बघून माप ठरवतं. तरी तपासायचंच असेल तर फाईलमधली दहा-बारा पानं अशी काढा, ज्यांच्या पहिल्या ओळीत रफार किंवा वेलांटी आहे आणि शेवटच्या ओळीत उकार. ती ठीक दिसली तर बाकीचीही ठीक असतात.

जुन्या पुस्तकाचं स्कॅन आहे. आज्ञा देऊनही काहीच छाटलं जात नाही.

स्कॅनमधला पांढरा समास खऱ्या अर्थानं पांढरा नसतो. पिवळा पडलेला कागद, वाळवीनं केलेली भोकं, स्कॅनरच्या कडेची काळी पट्टी, ग्रंथालयाचा शिक्का, हे सगळं सॉफ्टवेअरला मजकूरच वाटतं. शिवाय पान तिरकं ठेवलं गेलेलं असतं. नुसता एक अंश तिरकं असलं तरी ए-फोर पानाच्या माथ्यापासून तळापर्यंत ओळींची कड पाच मिलिमीटर सरकते.

अशा पुस्तकाला मी Briss वापरतो. ते जावावर चालतं आणि मोफत आहे. त्याची खुबी अशी की ते सम पानं एकावर एक रचून त्यांचं एकच धूसर चित्र दाखवतं, विषम पानांचं दुसरं. ट्रेसिंग पेपरवर शंभर पानं एकावर एक ठेवावीत तसं. जिथे बहुतेक पानांवर मजकूर आहे तो भाग गडद दिसतो, आणि एखाद्याच पानावरचा डाग पुसटसा. त्या गडद भागाभोवती आपण चौकट ओढायची. कुठला डाग सोडायचा आणि कुठली वेलांटी राखायची, हे माणसाच्या डोळ्यालाच कळतं, म्हणून इथे हातानं केलेलं काम वरचढ ठरतं.

पानं फारच वाकडी असतील तर आधी ती सरळ करायला हवीत. तसंच छाटलं तर चौकट सैल ठेवावी लागते आणि फायदा निम्म्यावर येतो.

दिवाळी अंकात दोन रकाने आहेत. समास काढूनही अक्षर बारीकच राहतं.

राहणारच. दोन रकान्यांच्या पानाला नुसता समास काढून काही होत नाही, रकानेच वेगळे करावे लागतात. Briss मध्ये एकाच पानावर दोन चौकटी ओढता येतात, डाव्या रकान्याला एक, उजव्याला एक. नव्या फाईलमध्ये त्यांची दोन पानं होतात आणि अक्षर दुपटीच्या जवळ जातं. पाठवण्याआधी सुरुवातीची चार पानं सलग वाचून बघा. कथेचा क्रम बरोबर लागतोय ना, ते तिथेच कळतं. दोन्ही रकान्यांवरून जाणारं मोठं शीर्षक मधोमध चिरलं जातं, त्याला इलाज नाही.

वेबपेजसारखा मजकूरच खालच्या ओळीत घेऊन अक्षर मोठं का करता येत नाही?

पीडीएफमध्ये बहुधा ओळी नि परिच्छेद असे नोंदलेले नसतात. कुठलं अक्षर पानावर नेमकं कुठे बसवायचं, एवढंच असतं. त्यातून आपल्या मराठीची वेगळी अडचण आहे. आपल्याकडच्या कित्येक प्रेसमध्ये श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप होतं. दिसायला ते मराठी, पण फाईलच्या आत युनिकोड नसतं. अशा पीडीएफमधला एक शब्द कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवून बघा. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी आली तर मजकूर उचलून परत मांडणारं कुठलंही अ‍ॅप तिथे तीच खिचडी दाखवेल.

छाटणीला मात्र याचा काही फरक पडत नाही. ती मजकुराला हातच लावत नाही, फक्त पानाची चौकट बदलते. म्हणून जुन्या फॉन्टच्या फाईलींना छाटणी हाच भरवशाचा उपाय आहे.

KOReader मध्ये आणि कॉम्प्युटरवरच्या k2pdfopt मध्ये तिसरा मार्ग आहे. ते प्रत्येक शब्द चित्र म्हणून कापतात आणि मोठा करून नव्या ओळींत मांडतात. फॉन्ट कुठलाही असो, शब्दांमधली मोकळी जागा दिसली की झालं. शिरोरेषेमुळे आपला शब्द एकसंध राहतो हे बरं आहे. पण ओळी दाट असतील आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडत असेल, तर दोन ओळी एकत्र समजून घोळ होतो. मोकळ्या ओळींच्या पुस्तकाला करून बघायला हरकत नाही.

छाटलेला भाग फाईलमधून जातो का?

जात नाही, आणि हे नीट समजून घ्या. पीडीएफमध्ये पूर्ण पानाची एक चौकट असते आणि दाखवायच्या भागाची दुसरी. छाटणी ही दुसरी चौकट लहान करते. बाहेरचं सगळं फाईलमध्ये तसंच असतं. म्हणून फाईल हलकीही होत नाही.

त्यामुळे अर्जाच्या समासात लिहिलेला फोन नंबर किंवा आधार क्रमांक छाटून लपवला असं समजून फाईल गटावर टाकू नका. ज्याला येतं तो एका मिनिटात ती चौकट परत मोठी करतो. असलं काही असेल तर छाटलेल्या पानाचा स्क्रीनशॉट काढून तो पाठवा, त्यात बाहेरचा भाग उरत नाही.

याच कारणानं, संकेतस्थळावर फाईल चढवून छाटून घेण्याचा मार्ग मी स्मरणिकेला सांगेन, पण जमिनीच्या उताऱ्याला किंवा बँकेच्या कागदाला सांगणार नाही. खाजगी कागद आपल्याच कॉम्प्युटरवर छाटा.

छाटलेली फाईल मिळाल्यावर मूळ फाईल काढून टाकली तर चालेल का?

नको. कुणी प्रिंट मागितली तर मूळ फाईलच लागते. छाटलेलं पान छापताना प्रिंटर ते ताणून कागदभर करतो, आणि पंच मारायला किंवा शिलाईला जागाच उरत नाही. मी दोन्ही फाईली ठेवतो आणि छाटलेलीच्या नावात "मोबाईल" हा शब्द घालतो. मूळ हरवलीच तर pdfCropMargins नं केलेली छाटणी `-r` देऊन परत उलटवता येते:

```
pdfcropmargins -r mobile.pdf -o mool.pdf
```

गुरुजींना आता मी दोन्ही पाठवतो. मोबाईलची ते स्वतः वाचतात, आणि मूळ फाईलची प्रिंट काढून काकूंना देतात.